फराळाच्या डब्यांची ऑर्डर आणि ‘शुगर फ्री’ हा शब्द

प्रश्न: दिवाळीला नातेवाइकांसाठी मिठाईच्या दुकानातून फराळाचे डबे मागवायचे आहेत. त्यांतल्या काहींना शुगर आहे. दुकानाला मेसेज कसा लिहावा, किती माल सांगावा आणि डबे उचलायला कधी जावे?

मेसेजमध्ये ‘शुगर फ्री’ हे शब्द लिहू नका. बाकी काही विसरलात तरी एक वेळ निभावून जाईल, पण हे विसरू नका. याच शब्दांमुळे तीन वर्षांपूर्वी ऐन भाऊबिजेच्या दिवशी माझ्या आत्याच्या साखर मोजायच्या मशीनवर 318 हा आकडा मी स्वतः पाहिला आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. दिवाळीच्या सुमारास घरातील सगळी माणसे सोयाबीनच्या आणि कापसाच्या मागे असतात, त्यामुळे नातेवाइकांना द्यायचा फराळ आम्ही तालुक्याच्या गावातील दुकानातून मागवतो. त्या वर्षी चौदा घरी डबे द्यायचे होते आणि त्यांपैकी पाच घरांत मधुमेहाची माणसे होती. ऑर्डर माझ्या मोठ्या भावाने दिली. त्याने आधी दुकानदाराला फोन केला आणि मग एका ओळीचा मेसेज टाकला: ‘नेहमीसारखे 14 डबे, त्यात 5 शुगर फ्री, शनिवारी नेतो.’ एवढे पुरेसे आहे, दुकानदार ओळखीचा आहे, असे त्याचे म्हणणे होते आणि आजही आहे.

आमच्या नेहमीच्या डब्यात चिवडा, चकली, गोडे शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू असतात. दुकानदाराने त्या पाच डब्यांतून लाडू काढले, त्यांच्या जागी गुळाचे अनारसे ठेवले आणि झाकणावर हिरवी चिठ्ठी लावली. त्याच्या दृष्टीने काम चोख झाले होते, कारण पांढरी साखर डोळ्यांना दिसते ती लाडवात आणि अनारशात तर गूळ असतो. शंकरपाळे मात्र चौदाही डब्यांत तेच गेले आणि चिवडाही तोच गेला.

आत्या पुसदला राहते. ती चहा बिनसाखरेचा घेते, गोळ्या वेळेवर घेते आणि लग्नाच्या पंगतीतही जिलेबीला हात लावत नाही. डब्यावर चिठ्ठी होती म्हणूनच तिने विश्वासाने तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वाटीभर चिवडा खाल्ला आणि रोज एक-दोन अनारसेही खाल्ले. भाऊबिजेला मी तिच्याकडे गेलो, तेव्हा पिशवीत उरलेला चिवडा तिने माझ्या ताटलीत ओतला. डाळे, कढीपत्त्याचा चुरा आणि त्याखालून पांढरी पूड आली. बोट लावून चाखून पाहिली, तर ती पिठीसाखर होती. चिवड्याला चव यावी म्हणून ती घालतातच, पण चिवडा तिखट-मिठाचा पदार्थ म्हणून कोणाच्याही मनात तिची शंका येत नाही. जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजली, ती वर सांगितली तेवढी निघाली.

दुकानदाराने फसवले असे मी म्हणत नाही. ‘शुगर फ्री’ या शब्दांचे बाजारात निदान चार अर्थ आहेत आणि आम्हाला कोणता हवा आहे, हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. कोणी गूळ घातलेल्या पदार्थाला शुगर फ्री म्हणतो. गूळ ही साखरच आहे आणि मधुमेहाच्या माणसाच्या रक्तात ती साखरेसारखीच उतरते. कोणी खजूर-अंजिराच्या बर्फीला तसे म्हणतो. त्या बर्फीत वरून साखर घातलेली नसते हे खरे, पण खजुराच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग साखरच असतो. कोणी सुक्रालोज नावाचा कृत्रिम गोडवा घालून पेढे करतो. त्यांत साखर नसली तरी खव्यातील दुधाची साखर असतेच. चौथा प्रकार माल्टिटॉलसारख्या गोडव्याचा. त्यानेही रक्तातील साखर थोडीफार वाढते आणि चार-सहा तुकडे जास्त खाल्ले तर पोट बिघडते. सरकारच्या 2018 च्या नियमानुसार पाकिटावर साखरमुक्त असा दावा करायचा असेल, तर 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असता कामा नये. वर सांगितलेले गूळ, खजूर आणि खव्याचे पदार्थ त्या मापात बसणे शक्य नाही.

म्हणून दुकानदाराला गुण सांगू नये, कृती सांगावी. कोणता पदार्थ, त्यात काय घालायचे नाही आणि त्याच्या जागी काय द्यायचे, हे लिहावे. त्या दिवाळीनंतर ऑर्डर मी माझ्याकडे घेतली आणि आता मी जो मेसेज पाठवतो तो असा असतो:

‘नमस्कार भाऊ. दिवाळीसाठी एकूण 14 डबे हवे आहेत. त्यांपैकी 9 लाल चिठ्ठीचे आणि 5 हिरव्या चिठ्ठीचे. हिरवे डबे या 14 मध्येच धरले आहेत, वेगळे नाहीत. लाल चिठ्ठीच्या प्रत्येक डब्यात चिवडा 250 ग्रॅम, चकली 200 ग्रॅम, गोडे शंकरपाळे 200 ग्रॅम आणि बेसनाचे लाडू 6 नग. हिरव्या चिठ्ठीच्या प्रत्येक डब्यात साखर न घातलेला चिवडा 250 ग्रॅम, चकली 200 ग्रॅम, खारे शंकरपाळे 200 ग्रॅम आणि भाजलेले बदाम 100 ग्रॅम. हिरव्या डब्यांत साखर, पिठीसाखर, गूळ, मध, खजूर किंवा मनुका कोणत्याही पदार्थात नको. हा चिवडा साखर घालण्याआधी वेगळा काढावा. म्हणजे एकूण साधा चिवडा सव्वादोन किलो, बिनसाखरेचा सव्वा किलो, चकली 2 किलो 800 ग्रॅम, गोडे शंकरपाळे 1 किलो 800 ग्रॅम, खारे 1 किलो, लाडू 54 आणि बदाम अर्धा किलो. वजन डबा सोडून धरावे. प्रत्येक पदार्थ वेगळ्या पिशवीत बंद करावा. वसुबारसेच्या दिवशी सकाळी 11 वाजता मी स्वतः येईन. एखादा पदार्थ जमणार नसेल, तर बदली न ठेवता मला कळवावे. आगाऊ रक्कम उद्या देतो.’

मेसेज लांबलचक दिसतो, पण यातील प्रत्येक वाक्यामागे एक झालेली चूक आहे. ‘14 मध्येच धरले आहेत’ हे लिहिले नाही, तर चौदा आणि पाच असे एकोणीस डबे बांधले जातात, आणि एका वर्षी ते आमच्या गळ्यात पडलेही आहेत. डब्यागणिक माप आणि एकूण माप दोन्ही द्यावे, कारण समोर बसणारा मुलगा डबे भरतो आणि मागे भट्टीवरचा कारागीर किलोत माल काढतो. एकालाच माप मिळाले, तर दुसरा अंदाजाने काम करतो. लाडू नगावर सांगावेत, कारण वजनावर सांगितले की कुठे पाच येतात, कुठे सात, आणि नातेवाइकांत त्याचीही चर्चा होते. चिवड्याचे मात्र वजनच सांगावे आणि डबा मोठा मागावा. पाव किलो चिवडा फुगून बरीच जागा घेतो आणि लहान डब्यात कोंबला की खालच्या चकल्यांचा चुरा होतो.

‘साखर घालण्याआधी वेगळा काढावा’ हे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे आहे. कारागीर चिवडा मोठ्या परातीत एकदमच कालवतो आणि एकदा पिठीसाखर पडली की ती परत निघत नाही. सणाच्या गर्दीत पाच डब्यांसाठी तो दुसरी परात लावणार नाही, पण कालवण्याआधी सव्वा किलो बाजूला काढायला त्याला काही त्रास नसतो. तसा काढला आहे की नाही, हे ओळखायची रीत सोपी आहे. बंद पिशवी उभी धरून तळाशी चार टिचक्या माराव्यात आणि खालचा कोपरा पाहावा. पिठीसाखर असेल तर ती कोपऱ्यात पांढरी बसते. शंका आली तर एक पिशवी तिथेच फोडून चाखावी. ओळखीच्या दुकानात कोणी नाही म्हणत नाही.

डब्यात बदाम कशाला, काहीतरी गोड हवेच, असे भाऊ दरवर्षी म्हणतो. माझे मत स्पष्ट आहे. ज्याने वर्षभर तोंडावर ताबा ठेवला आहे, त्याला सणाच्या नावाखाली बनावट गोड पाठवू नये. आत्याने बदामांबद्दल कधी तक्रार केलेली नाही, पण अनारशांबद्दल ती आजही बोलते. तरीही तुम्हाला गोड द्यायचेच असेल, तर कारखान्यातून बंद पाकिटात आलेले घ्यावे, म्हणजे त्यात काय घातले आहे हे पाकिटावर वाचता तरी येते.

न्यायच्या वेळेबद्दल थोडक्यात सांगतो. धनत्रयोदशीला आणि त्यानंतर जाऊ नये, कारण गर्दीत चिठ्ठ्यांची अदलाबदल होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर दुकानदार स्वतः पूजेला बसलेला असतो. सकाळी 11 ही वेळ मी मुद्दाम देतो. माल आदल्या रात्री तळून गार झालेला असतो आणि दुपारची एस.टी. मला मिळते. गरम चकली पिशवीत बंद केली की तिच्याच वाफेने ती मऊ पडते, म्हणून पिशवी आतून दमट दिसली तर घेऊ नये. पेढे-बर्फी घेणार असाल, तर ती या डब्यांत ठेवू नये. तिच्या ओलाव्याने फराळ सादळतो आणि ती टिकतेही कमी. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक केले होते, ती लावलेली असेल तर पाहून घ्यावी.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आत्याच्या 318 मध्ये सगळा दोष चिवड्याचाच होता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण त्या दिवशी जेवणात पुऱ्याही होत्या. आणि हिरव्या डब्यातील माल मोकळेपणाने खाण्यासारखा नाही. चकलीची भाजणी, खाऱ्या शंकरपाळ्यांचा मैदा आणि चिवड्याचे पोहे यांनीही साखर वाढतेच. म्हणून डबा देताना मी तोंडाने सांगतो की यात साखर घातलेली नाही, पण मूठभरच खा.

भावाचे अजूनही म्हणणे आहे की चूक दुकानाची होती आणि घरच्यासारख्या माणसाला एवढे लिहून देणे बरे दिसत नाही. गेल्या वर्षी मी मेसेज पाठवला, तेव्हा त्याच दुकानदाराने तो कागदावर उतरवून भट्टीजवळच्या खिळ्याला टोचून ठेवला होता. डबे घ्यायला गेलो तेव्हा तो कागद मी पाहिला. तुपाचे डाग पडलेले होते आणि ‘साखर घालण्याआधी’ या शब्दांखाली कारागिराने पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या.