गिऱ्हाईक म्हणतं, फक्त आमचंच काम करा

प्रश्न: अंबडला माझं दोन व्हीएमसी मशिनचं जॉबवर्क आहे. मोठं गिऱ्हाईक म्हणतं, इतर कुणाचं काम घेऊ नका. संबंध न तोडता नाही कसं म्हणू?

उत्तर: आधी तास मोजा. एका पाळीत ८ तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे दोन मशिनचे ४०० तास. त्यांचं काम १६० तासांचं असेल, तर उरलेल्या २४० तासांचा हप्ता आणि पगार कोण देणार?

बहुतेकदा त्यांना भीती असते दोनच गोष्टींची: माल उशिरा मिळेल किंवा ड्रॉइंग स्पर्धकाकडे जाईल. तेवढ्याचीच हमी द्या. असं लिहा:

"साहेब, फक्त तुमचंच काम घेणं जमणार नाही. पण एक मशिन, महिन्याला २०० तास, तुमच्यासाठी राखून ठेवतो. त्यातल्या १६० तासांचं बिल काम आलं नाही तरी धरावं लागेल. तुमचं ड्रॉइंग आणि फिक्श्चर दुसऱ्या कुणासाठी वापरणार नाही, तुमचा पार्टही दुसऱ्या कुणाला बनवून देणार नाही."

पुढच्या महिन्याचं शेड्यूल २० तारखेपर्यंत मागा. न आल्यास १६० वरचे तास इतरांच्या कामाला मोकळे, हेही लिहून घ्या. नाहीतर मशिन रिकामं थांबतं आणि महिनाअखेरीस सगळं काम एकदम येऊन पडतं. किमान बिलाला ते साफ नकार देत असतील, तर मशिन राखूही नका.