‘काय रे’ कुणाला आणि ‘काय गं’ कुणाला

“आई, इथे काहीतरी गडबड आहे. शेवटच्या खोलीतल्या आजोबांना मी तीनदा नमस्कार बोलले, त्यांनी बघितलं पण नाही. आणि आज जिन्यात एक काकू बोलल्या, ‘काय रे, आलास का? जेवलास?’ मी सांगितलं हो जेवले, वरणभात, आणि त्या माझ्या मागच्या मुलाशी बोलत होत्या! सगळे हसले. आता मी कुणाशी बोलणारच नाहीये. असं झालं की काय करायचं असतं?”

पिल्लू, मेसेज वाचून आधी मी पण हसले, सॉरी. मग आजीला फोन केला आणि विचारलं की ते आजोबा गॅलरीत अजून तसेच बसतात का, कठड्याकडे तोंड करून, हातात पेपर. ती म्हणाली तसेच, खुर्ची पण तीच. म्हणजे तू जिन्यातून वर आलीस की तुला त्यांची पाठ दिसते, आणि तू तुझे तिन्ही नमस्कार त्यांच्या पाठीला केलेस. बरोबर ना?

आता ऐक, कान हे माझं रोजचं काम आहे त्यामुळे हे जरा लांबणार. म्हातारपणी ऐकू कमी येतं म्हणजे सगळाच आवाज सारखा कमी होतो असं नाही, आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज, म्हणजे स, श, फ, त, क असली व्यंजनं. अ, आ, ओ हे जाड आवाज बरीच वर्षं टिकतात. म्हणून अशा माणसाला कुणीतरी काहीतरी बोललं एवढं कळतं पण काय बोललं ते कळत नाही. तुझा ‘नमस्कार’ त्यांच्यापर्यंत ‘नम…आर’ असा काहीतरी पोचला असेल, त्यात मागून, खाली गिरगावचा रस्ता, हॉर्न, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी, आणि तुझा आवाज आधीच बारीक. त्यांच्या दृष्टीने गॅलरीतून एक पोर काहीतरी ओरडत गेलं, जी त्या चाळीत दिवसभर जातच असतात.

आणि तू नक्की तिसऱ्यांदा जोरात ओरडली असणार, मी ओळखते तुला. ओरडल्यावर ना आ आणि ओ मोठे होतात, स आणि क जिथल्या तिथे राहतात, त्यामुळे शब्द उलटा जास्त बिघडतो आणि त्या माणसाला फक्त एवढं कळतं की कुणीतरी आपल्यावर चिडलंय. माझ्याकडे क्लिनिकमध्ये येणाऱ्या घरांतलं निम्मं भांडण हेच असतं, घरचे म्हणतात बाबा मुद्दाम उत्तर देत नाहीत आणि बाबा म्हणतात हे सगळे माझ्यावर ओरडतात.

तर असं कर. वळसा घालून समोर जा, तीन-चार फुटांवर उभी राहा, तुझ्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी. (पाठीमागे ऊन असलं तर तू त्यांना नुसती काळी सावली दिसशील, आणि ओठ दिसले की कानाचं बरंच काम डोळे करतात.) मग आधी फक्त हाक मार, ‘आजोबा’. आणि थांब. ते वर बघेपर्यंत पुढचं काही नाही. हाक वेगळी आणि नमस्कार वेगळा, तू दोन्ही एकत्र टाकतेस आणि हाकेतच नमस्कार वाया जातो. त्यांनी बघितलं की हात जोडून नमस्कार, आणि लगेच कोण आहेस ते, म्हणजे ‘मी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची नात, टोरोंटोहून आलेय’. नुसतं तुझं नाव सांगून काही उपयोग नाही, त्या चाळीत माणूस नावाने ओळखत नाहीत, ‘कुणाची गं तू?’ असंच विचारतात. तुला त्यांनी शेवटचं बघितलं तेव्हा तू तीन वर्षांची होतीस आणि त्यांच्या चपलेत पाय घालून पूर्ण गॅलरीभर फिरत होतीस. ते पण सांग वाटलं तर, त्यांना आठवेल.

आवाज थोडा खालच्या पट्टीत आणि सावकाश. शब्द कळला नाही तर तोच परत म्हणू नकोस, वाक्य बदल. ‘टोरोंटोहून आलेय’ नाही कळलं तर ‘कॅनडात राहते’ म्हण.

आता ऐकू येत नाही की बोलायचंच नाही हे कसं ओळखायचं? कानाचा प्रश्न असला तर समोरून बोलल्यावर उत्तर येतं, मागून येत नाही, आणि कधीकधी उत्तर येतं पण भलतंच, तू विचारलंस बरे आहात का आणि ते म्हणाले हो हो, कालच आली. असं झालं तर हसायचं नाही आणि ‘असं नाही विचारलं’ असंही म्हणायचं नाही, तेच वेगळ्या शब्दांत परत विचारायचं. नजरेला नजर मिळाली, ओळख पटली, आणि तरी मान फिरवली, तर मग त्यांना आत्ता बोलायचं नाहीये, तिथे सोडून दे. दोनदा पुरे. तिसऱ्यांदा कधीच नाही, मग ते नमस्कार केल्यासारखं राहत नाही, पैसे मागितल्यासारखं होतं.

अजून एक, उत्तर आलेलं असतं पण तुला ते उत्तर वाटत नाही असं पण होतं. तुला इकडे टोरोंटोत हाय म्हटलं की हाय ऐकायची सवय. तिथे भुवया वर गेल्या, मान जराशी हलली, घशातून ‘हं’ आलं, झालं, मिळालं उत्तर. ‘काय, कुठे निघालीस?’ हेही नमस्काराचंच उत्तर आहे, त्यावर पूर्ण पत्ता सांगायचा नसतो, ‘इथेच जरा’ म्हणायचं. सकाळी कुणाचे ओठ हलतायत, हातात जपमाळ आहे, तर तोंडाने काही न बोलता हात जोडून पुढे जा. आणि कुणाच्या घरी सुतक आहे असं आजीने सांगितलं तर तिथे नमस्कार करतच नाहीत, गप्प बसायचं आणि निघताना ‘येते’ पण म्हणायचं नाही.

आता जिन्यातल्या काकू. तू इथे मराठी ऐकतेस ती फक्त आमच्या दोघांची, तीही सगळी तुलाच बोललेली, त्यामुळे वाक्य कुणासाठी आहे हे शोधायची वेळच तुझ्यावर आली नाही. पण आपल्या भाषेत बहुतेक वेळा ते वाक्यातच लिहिलेलं असतं. काकूंनी तीनदा सांगितलं होतं की हे तुला नाही, ‘रे’ म्हणाल्या, ‘आलास’ म्हणाल्या, ‘जेवलास’ म्हणाल्या. तुझ्यासाठी असतं तर ‘काय गं, आलीस का, जेवलीस?’ आलं असतं, आणि आजीसाठी असतं तर ‘काय हो, आलात का?’

पण इथे एक खड्डा आहे. ‘चहा घेतलास का?’ हे तुला पण विचारतील आणि मागच्या मुलाला पण, कारण तिथे ‘घेतलास’ हे चहाच्या मागे जातं, आणि चहा पुल्लिंगी. तसंच ‘पोळी खाल्लीस का?’ हे मुलालाही विचारतात, तिथे खाल्ली ती पोळी. म्हणून येणं, जाणं, बसणं, जेवणं याच्या शेपटीवर भरवसा ठेव, खाल्लं-घेतलं-केलं यावर नको. ‘कुठे आहेस?’ यात तर काहीच कळत नाही. आणि ‘अरे’ हा नुसता उद्गार पण असतो, तुला बघून कुणी ‘अरे, तू!’ म्हणालं तर ते तुलाच. मुंबईत मैत्रिणी पण एकमेकींना सर्रास ‘काय रे’ म्हणतात, माझ्या वेळी पण म्हणायचो आणि तुझी आजी चिडायची.

म्हणजे शेपटी नाही कळली तर डोळे बघ. आणि डोळे पण नाही दिसले, जिन्यात आवाज भिंतींवर आपटून येतो, वरून आला की खालून तेच कळत नाही, तर एक श्वास थांब. तुझ्यासाठी असलं तर काकू परत विचारतील, गिरगावात कुणी एकच प्रश्न विचारून गप्प बसलंय असं मी तरी बघितलं नाही. एकटाच माणूस जिना उतरता उतरता ‘हा बोल, कुठे पोचलास?’ म्हणाला तर आधी त्याच्या कानात इअरफोन आहे का बघ.

तरी चुकतंच गं. तुझे आजोबा, माझे बाबा, त्यांची गोष्ट तुला माहीत नाही. आजीने त्यांचं नाव कधी घेतलं नाही, ‘अहो’ म्हणायची, आणि त्या पिढीतल्या सगळ्याच बायका ‘अहो’ म्हणायच्या, त्यामुळे भाजीबाजारात एक ‘अहो’ आला की चार-पाच पुरुष वळून बघायचे आणि मग आपापला आवाज ओळखून चार जण परत मान फिरवायचे. एकदा मागून ‘अहो, हे धरा’ आलं, बाबांनी न बघता हात मागे केला आणि हातात कांद्याची पिशवी आली, भलत्याच बाईंची. त्या बिचाऱ्या लाल झाल्या. बाबा म्हणाले, “वहिनी, धरतो, पण घर कुठलं तेवढं सांगा.” त्या बाई हसल्या, त्यांचा नवरा आला तो पण हसला, आणि मग पुढची कितीतरी वर्षं ते लोक बाजारात दिसले की बाबांना ‘कांदे हवेत का?’ म्हणून विचारायचे.

तुला एवढं सुचायची गरज नाही. ‘अय्या, मला वाटलं मला विचारताय!’ एवढं म्हण, आणि बाकीच्यांच्या आधी तूच हस. लांबलचक सॉरी सॉरी नको, त्याने समोरच्याला उगाच कानकोंडं होतं. मग त्या मुलाला त्याचं उत्तर देऊ दे, आणि त्याचं झालं की ‘नमस्कार काकू, मी दुसऱ्या मजल्यावरची’. तू वरणभात जेवलीस हे त्यांना आता माहीतच आहे, पुढचं त्या विचारतील. आणि उलटं झालं, म्हणजे तू एकाला नमस्कार केलास आणि उत्तर दुसऱ्याच बाईंनी दिलं, तर ‘तुम्हाला नाही’ म्हणायचं नाही हं अजिबात. त्यांना पण हात जोड.

उद्या आजोबांकडे चारच्या सुमाराला जा, चहाच्या वेळी, तेव्हा पेपर खाली असतो आणि शेजारचा टीव्ही अजून लागलेला नसतो. कुठल्या कानाने चांगलं ऐकू येतं ते आजीला विचार नाहीतर स्वतःच बघ, हाक मारल्यावर ते डोकं कुठल्या बाजूने पुढे करतात त्यावरून कळतं. त्या बाजूला बस. आणि डावा की उजवा ते मला कळव.