‘जेवलास का?’ विचारणाऱ्या आईवरील मीम्समागची माया

प्रश्न: ‘जेवलास का?’ असे सतत विचारणाऱ्या आईवरच्या मीम्समध्ये टिंगल असते की माया?

उत्तर: चांगल्या मीममध्ये माया असते आणि ती अतिशयोक्तीतूनच उघड होते. नेहमीचा नमुना असा: मुलगा फोनवर सांगतो, “आई, मी नापास झालो,” आणि पलीकडून उत्तर येते, “ते राहू दे, आधी जेवलास का?” वरवर पाहता आईचे लक्षच नाही असे वाटते, प्रत्यक्षात निकाल काहीही लागला तरी घरातले तुझे ताट तुझेच आहे, हे तिने त्या प्रश्नातून सांगितलेले असते.

गावाहून पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेल्या, मेसवर जेवणाऱ्या मुलांना हे विशेष जवळचे वाटते, कारण अभ्यासक्रम आणि कटऑफ यांविषयी अनेक आयांना फारसे विचारता येत नाही, पण भाजीत तेल किती असते, पोळी कच्ची राहते का, रात्री जेवायला किती वाजतात, हे त्या पूर्ण अधिकाराने विचारू शकतात आणि मिळालेल्या उत्तरांवरून, त्याहीपेक्षा आवाजावरून, मुलाची झोप, पैशांची चणचण आणि मनःस्थिती ताडतात. नुसते “हो, जेवलो” असे तुटक उत्तर आले की लगेच “काय जेवलास?” हा प्रश्न येतो तो यासाठीच. मीममध्ये त्याला कटकट म्हटले जाते. खरे तर ती चौकशी असते.

जिथे हसू आईच्या उच्चारांवर किंवा अल्पशिक्षणावर बेतलेले असते, तिथे मात्र निव्वळ टिंगल उरते आणि अशी मीम्स पुढे पाठवू नयेत, असे मला मनापासून वाटते.