सोलेनॉइडचा करंट ९० टक्क्यांवर कधी पोचतो?

प्रश्न: कुंडईच्या कारखान्यात १२ व्होल्टचा सोलेनॉइड आहे, कॉइल २४ ओहम, १२० मिलिहेन्री. सिरीजमध्ये २४ ओहम घालून २४ व्होल्ट दिले तर करंट ९० टक्क्यांवर यायला किती वेळ लागेल?

उत्तर: साधारण ५.८ मिलिसेकंद, रेझिस्टर नसताना १२ व्होल्टवर ११.५ लागतात. करंट १ − e^(−t/τ) या वक्राने चढतो, म्हणून ९० टक्क्यांना २.३ × τ लागतो, आणि τ = L/R. R मध्ये कॉइल आणि रेझिस्टर दोन्ही धरा: १२० मिलिहेन्री भागिले ४८ ओहम म्हणजे २.५ मिलिसेकंद. शेवटचा करंट अर्धा अँपिअरच राहतो, कारण व्होल्टेजही दुप्पट केलंय. सप्लाय १२ व्होल्टच ठेवलात तर वेळ हाच येईल, पण करंट निम्मा होऊन प्लंजर ओढलाच जाणार नाही, हे जरूर बघा. रेझिस्टरमध्ये ६ वॉट जळतात, तेव्हा निदान १० वॉटचा घ्या.

हा हिशेब प्लंजर जागेवर धरून केलाय. तो आत सरकताना इंडक्टन्स वाढतो आणि करंट मध्येच खाली येतो. रेझिस्टरवर स्कोप लावा: १०.८ व्होल्ट दिसले की ९० टक्के झाले, आणि आधीचा खळगा म्हणजे प्लंजर हलल्याची खूण.