डेडलाईन चुकल्यावर क्लायंटला मेल कसा लिहावा?

"सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्यांच्या पाकिटांचं डिझाईन शुक्रवारी द्यायचं होतं, राहून गेलं. माफीचा मेल कसा लिहू? लाचार वाटायला नको."

आधी उरलेलं काम नीट मोजा. दुसरी तारीखही चुकली तर पहिल्या माफीला किंमत राहत नाही, म्हणून सोमवारी संध्याकाळी होणार असेल तर मंगळवार दुपार सांगा. मग एवढंच लिहा:

"नमस्कार साहेब, पाकिटांचं डिझाईन शुक्रवारी द्यायचं ठरलं होतं, ते मी दिलं नाही. कामाचा अंदाज माझा चुकला. त्यामुळे तुमची छपाई अडली, याबद्दल माफी मागतो. २०० ग्रॅमच्या पाकिटाचं डिझाईन तयार आहे, सोबत जोडलंय. ते आजच तपासून घेता येईल. उरलेली दोन मंगळवारी दुपारी २ पर्यंत देतो. प्रेसवाल्यांशी मी बोलू का?"

माफी एकदाच. तीनदा मागितली की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते, आणि त्यांना तर छपाईची काळजी असते. लाईट गेली, पाहुणे आले हेही नको. खरं असलं तरी ते सबबच वाटतं. बिलात सूट लगेच देऊ करू नका. प्रेसचा जादा खर्च खरोखर त्यांच्यावर पडला तर तेवढ्याचंच बोला.

आणि मेल पाठवण्याआधी एक फोन करा. व्यापारी माणूस दिवसभर सौद्यात असतो, मेल रात्री बघतो.