आकडेमोड कुठे थांबवायची

खजुरी बाजारातून जुने सराव संच आणलेस ते बरं केलंस. पण त्यातली डेटा सफिशियन्सी सोडवत बसू नकोस, तिथे उत्तर काढायचंच नसतं, दिलेली विधानं उत्तराला पुरतात का एवढंच ठरवायचं असतं.

हे बघ: 9 पेनं आणि 6 वह्यांची एकूण किंमत किती? विधान एक: 3 पेनं आणि 2 वह्या 80 रुपयांना. विधान दोन: 5 पेनं आणि 4 वह्या 140 रुपयांना. दोन अनोळखी राशी, दोन समीकरणं, म्हणून बहुतेक जण ‘दोन्ही विधानं लागतात’ हा पर्याय ठोकून मोकळे होतात. पण विचारलेलं नेमकं पहिल्या विधानाच्या तिप्पट आहे. म्हणजे एकटं पहिलं पुरतं, दुसरं एकटं पुरत नाही. एका पेनाची किंमत विचारली असती, तर मात्र दोन्ही लागली असती. म्हणून आधी काय विचारलंय ते अधोरेखित कर, मग विधानं वाच.

अप्रॉक्सिमेशनमध्ये, म्हणजे अंदाजे उत्तर काढताना, गुणाकार असेल तर एक संख्या वाढवलीस की दुसरी साधारण तेवढ्याच टक्क्यांनी कमी कर. 48.7 × 31.4 चं 50 × 31 केलंस तर 1550 येतं. 48.7 चे 50 करताना पावणेतीन टक्के वाढले, म्हणून 31.4 चे 30.6 घे: 1530. खरं उत्तर 1529.18. भागाकारात उलट, दोन्ही एकाच दिशेने हलव. पर्याय 1400, 1530, 1700 असे लांब असतील तर एवढी कसरत नको.

युक्ती जुन्या संचावर चालवून बघ, आणि जिथे फसेल तिथे पर्यायांमधलं अंतर लिहून ठेव.