हॉलला लागून असलेल्या ९ बाय ४ फुटांच्या गॅलरीत धुण्याची आणि वाळवण्याची जागा

प्रश्न : नागपूरला आमचा फ्लॅट आहे. हॉलला लागून ९ बाय ४ फुटांची पश्चिमेकडची गॅलरी आहे. तिथे वॉशिंग मशीन ठेवून कपडेही वाळत घालायचे आहेत, पण हॉलमधून पसारा दिसायला नको. कशी मांडणी करावी?

उत्तर : मी नागपुरात घरांच्या अंतर्गत मांडणीचे काम करते आणि अशा गॅलरीची पाहणी करताना सर्वांत आधी कोपऱ्यातील जाळीचा पाइप कुठे जातो ते बघते. कपाट, रंग, पडदे यांचा विचार त्यानंतरचा. पुष्कळ इमारतींमध्ये गॅलरीतील जाळी ही केवळ पावसाच्या पाण्यासाठी असते आणि ते पाणी खाली उघड्यावर, पावसाळी नालीत किंवा जलपुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडलेले असते. साबणाचे पाणी त्यात गेले तर खाली फेस साचतो, शेजारी तक्रार करतात आणि खड्डा बोअरवेलजवळ असेल तर तेच पाणी जमिनीत मुरते. तपासणी सोपी आहे. बादलीभर पाण्यात नीळ किंवा खाण्याचा रंग मिसळून ते जाळीत ओता आणि खाली एकाला सांडपाण्याच्या चेंबरचे झाकण उघडून उभे करा. रंगीत पाणी चेंबरमध्ये आले तर मशीन तिथे ठेवता येते. ते उघड्यावर आले तर स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या सांडपाण्याच्या लाइनपर्यंत उताराने पाइप नेता येतो का ते प्लंबरकडून बघून घ्यावे. तसा मार्ग नसेल तर गॅलरीत फक्त कपडे वाळवावेत आणि मशीन बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याची वाट निश्चित झाली असे धरून आपल्याच मापांची मांडणी सांगते. गॅलरी साधारण २७५ सेंमी लांब आणि १२० सेंमी रुंद आहे. सात किलोचे, समोरून उघडणारे मशीन सुमारे ६० सेंमी रुंद, ५५ ते ६० सेंमी खोल आणि ८५ सेंमी उंच असते. ते लांब भिंतीला टेकवून ठेवले तर चालण्याची वाट अडते आणि हॉलमधून नेमके तेच समोर दिसते. म्हणून ते आखूड बाजूच्या भिंतीला पाठ करून, हॉलच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात ठेवावे आणि मागे नळी व नळासाठी १० सेंमी मोकळे सोडावेत. मशीनच्या शेजारी उरलेल्या ६० सेंमी रुंदीत मळक्या कपड्यांची टोपली बसते. मशीन आणि टोपली या दोन्हींवरून जाणारा कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा ९० सेंमी उंचीवर भिंतीतील लोखंडी आधारांवर बसवावा. तो मशीनला टेकू देऊ नये, कारण पिळताना होणारा कंप ओट्यात उतरतो आणि जोड सुटू लागतात. ओट्याच्या वर ३० सेंमी खोलीचे बंद कपाट केले की साबण, चिमटे, ब्रश सगळे आत जाते. हे कपाट प्लायवूडऐवजी ॲल्युमिनियमच्या चौकटीचे असावे, कारण आपल्याकडची मे महिन्यातील ४५ अंशांची झळ आणि त्यामागून येणारा पाऊस साध्या प्लायवूडला सोसत नाही.

फरशीवर लोळणारी सांडपाण्याची नळी हा अशा जागांतील सर्वांत मोठा पसारा असतो. त्यासाठी मशीनच्या मागे भिंतीलगत ५० मिमीचा उभा पीव्हीसी पाइप बसवून त्याचे तोंड सुमारे ७५ सेंमी उंचीवर ठेवावे आणि नळी त्यात हातभरापेक्षा कमी, १० ते १५ सेंमी, सोडावी. बहुतेक समोरून उघडणाऱ्या मशीनना नळीचे टोक ६० ते १०० सेंमी उंचीवर लागते. ते खाली सोडले किंवा पाइपचे तोंड हवाबंद केले, तर पाणी भरत असतानाच ओढले जाऊन बाहेर जाते. मशीन वारंवार पाणी घेते आहे आणि धुणे संपतच नाही असे दिसले तर पहिली शंका याचीच घ्यावी. आणखी एक स्थानिक बाब म्हणजे उन्हाळ्यात काही दिवस घर बंद राहिले की जाळीखालच्या ट्रॅपमधील, गटाराचा वास अडवून धरणारे पाणी आटते आणि तो वास हॉलपर्यंत येतो; अशा वेळी तांब्याभर पाणी ओतले की पुरते.

विजेसाठी १६ अँपिअरचा, झाकण असलेला स्वतंत्र सॉकेट ओट्याच्या वर, पावसाचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा बाजूला घ्यावा. त्याच्या मागे अर्थिंग आणि वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. हॉलमधून एक्स्टेन्शन ओढू नये.

आता वाळवण्याचे. माझ्या मते अशा गॅलरीत छताला टांगलेल्या, कप्पीने एकेक खालीवर होणाऱ्या स्टीलच्या दांड्यांना पर्याय नाही, कारण जमिनीवरचा स्टँड चालण्याची सगळी वाट खातो. सहा फुटी सहा दांड्या घ्याव्यात. त्यांच्यात १५ सेंमी अंतर ठेवले तर रुंदी ७५ सेंमी होते आणि मशीनच्या पुढे उरलेल्या २०५ सेंमी लांबीत त्या नीट बसतात. खिळवणी प्लास्टरमध्ये किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगमध्ये न करता स्लॅबच्या काँक्रीटमध्ये एक्स्पान्शन बोल्टने करावी. सात किलो कपडे पिळल्यानंतरही त्यांत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी राहते, म्हणजे भार दहा किलोच्या वर जातो.

हॉलमधून काय दिसते हे दरवाजाच्या वरच्या कडेवर ठरते. ती बहुधा सात फुटांवर असते आणि छत साडेनऊ ते दहा फुटांवर. त्यामुळे दाराच्या अगदी जवळच्या दांड्यांवर, वर ओढून ठेवलेले हात-दीड हात लांबीचे कपडे सोफ्यावरून दिसतच नाहीत. आतले कपडे, मुलांचे कपडे, रुमाल, नॅपकिन यांची जागा तिथेच. शर्ट हँगरवर घालून मधल्या दांड्यांवर लावावेत, आणि चादर, साडी, बेडशीट कठड्याकडच्या दांड्यांवर. या लांब कपड्यांची आपसूक एक भिंत तयार होते आणि रस्त्यावरून आतले काही दिसत नाही. साडेपाच मीटरची साडी एका दांडीवर घडी घालून टाकली तर मधले थर ओले राहतात. तीन दांड्यांवरून लाटेसारखी सोडली तर ती एकेरीच वाळते. फक्त रंगीत सुती कपडे मे महिन्यात दुपारच्या थेट पश्चिमेच्या उन्हात ठेवू नयेत. सकाळीच वाळत घातले तर ते ऊन येण्याआधी कोरडे होतात. नायलॉनची दोरी याच उन्हात कडक होऊन तडकते, म्हणून दरवर्षी उन्हाळा संपताच ती तपासून गरज पडल्यास बदलावी.

पावसाळ्यात मात्र ही मांडणी जशीच्या तशी चालत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवेतच ओल असते आणि कठड्याकडची चादरीची भिंत वारा अडवते. त्या काळात एक दांडी सोडून एक वापरावी, पिळण्याची गती कापड सोसेल तेवढी जास्त ठेवावी आणि ओट्यावरच्या कोपऱ्यात, शिंतोड्यांपासून दूर, भिंतीवरचा एक पंखा लावून त्याचे तोंड दांड्यांकडे करावे. कुबट वास कपडे खूप वेळ ओलसर राहिल्याने येतो. सुगंधी द्रव वाढवून तो जात नाही. पंख्यानेही तो जात नसेल तर एका वेळचे धुणे निम्मे करावे.

सगळी गॅलरी काचेने किंवा पत्र्याने बंद करावी असे आपल्याला कोणी सुचवेल. पण मग हवा थांबते आणि बाहेरचा दर्शनी भाग बदलत असल्याने सोसायटीची परवानगीही लागते. मी मशीनच्या बाजूच्या साधारण तीन फुटांतच बांबूची चिक सोडते. तिच्याने मशीनच्या प्लास्टिकवर पश्चिमेचे ऊन येत नाही, ते बाहेरून झाकले जाते आणि उरलेली सहा फूट हवा कपड्यांना मिळते.